दगडी डोणी वर घेण्याचं काम: तरफ आणि कप्पीच्या नोंदी

काम: विहिरीजवळ मातीत रुतलेली काळ्या दगडाची डोणी वर काढून दीड मीटर अंतरावरच्या नव्या ओट्यावर ठेवणे.
ठिकाण: सातारा तालुका, कृष्णाकाठचं गाव.
वजन आणि बळ दोन्ही किलोत लिहिलं आहे, म्हणजे ओढीचा आकडा काट्यावर दिसतो तसाच वाचता येतो.

11 जानेवारी

डोणी एका टोकाला 35 सेंटिमीटर आणि दुसऱ्या टोकाला 20 सेंटिमीटर खाली गेली आहे. पाटाचं पाणी वर्षानुवर्षं तिच्या बुडाशी झिरपत होतं, खाली काळी माती, त्यामुळे ती तिरपी बसली. जेसीबी लावावा असं गावात सगळ्यांचंच म्हणणं होतं. पण विहिरीचा काठ डोणीपासून जेमतेम दोन मीटरवर आहे आणि बांधकाम जुनं, चुन्यातलं. सात-आठ टनांचं यंत्र तिथे उभं केलं तर त्याचा दाब आडवा होऊन विहिरीच्या भिंतीवर जातो, आणि अशी भिंत आतल्या बाजूला ढासळते. म्हणून माणसांच्या बळावर, पहार आणि कप्पी लावून काम करायचं ठरलं.

पहिलं काम वजन काढायचं. अंदाजाने नाही, टेपने. चारी बाजूंनी माती मोकळी करून मापं घेतली. बाहेरून 150 × 60 × 50 सेंटिमीटर, आतली पोकळी 120 × 36 × 30. बाहेरचं घनफळ 450 लिटर, पोकळी जवळजवळ 130 लिटर, म्हणजे नुसता दगड 320 लिटर. आपल्याकडचा घट्ट काळा दगड लिटरला 2.9 किलोच्या आसपास भरतो. डोणीचं वजन आलं 930 किलो.

पोकळीत गाळ आणि पाणी काठोकाठ होतं. ओल्या गाळाचं वजन लिटरला 1.7 किलो धरलं तरी तो 220 किलो होतो. तो घमेल्याने काढायला अर्धा तास लागला. उचलण्याचं कुठलंही साधन लावण्याआधी जे हाताने उतरवता येतं ते उतरवावं.

13 जानेवारी: पहार

डोणी एकदम उचलायची नाही. एक टोक जमिनीवर ठेवून दुसरं टोक उचललं की निम्माच भार, म्हणजे 465 किलो, पहारेवर येतो. बाकीचा निम्मा जमीनच पेलते.

पहार 150 सेंटिमीटर लांब, 32 मिलिमीटर जाड. टोकापासून 10 सेंटिमीटरवर टेकू ठेवला तर भाराची बाजू 10 सेंटिमीटर आणि हाताची बाजू 140 सेंटिमीटर होते. गुणोत्तर चौदा. 465 भागिले 14 म्हणजे 33 किलो, जो दाब एक माणूस सहज देतो. मात्र हात 42 सेंटिमीटर खाली गेला तेव्हा दगड 3 सेंटिमीटर वर येणार. बळ चौदाव्या हिश्श्यावर आलं तसं अंतर चौदापट झालं, दोन्हींचा गुणाकार तिथल्या तिथेच.

इथवरचा हिशोब शाळेच्या पुस्तकात असतो. टेकूचा हिशोब मात्र बहुतेक जण सोडून देतात, आणि काम बिघडतं ते तिथेच. दगड पहारेच्या एका टोकाला 465 किलोने खाली दाबतो, माणूस दुसऱ्या टोकाला 33 किलोने खाली दाबतो. हे दोन्ही मिळून 498 किलो टेकूवर येतात. माणसाचे 33 किलो पाहून टेकू निवडला तर तो टिकत नाही, त्याला अर्धा टन सोसायचा असतो.

सकाळी नेमकं हेच झालं. टेकू म्हणून 10 × 10 सेंटिमीटरचा बाभळीचा ठोकळा थेट ओल्या मातीवर ठेवला होता. अर्धा टन शंभर चौरस सेंटिमीटरवर, म्हणजे चौरस सेंटिमीटरला पाच किलो. ओली काळी माती एवढं घेतच नाही. पहार दाबली तसा ठोकळा दोन सेंटिमीटर खाली गेला. हात पूर्ण 42 सेंटिमीटर उतरला तरी दगड एक सेंटिमीटरही वर आला नाही. पाहणाऱ्याला वाटतं दगडच जड आहे. ओळखायचं कसं? पहार दाबताना नजर दगडावर नाही, टेकूच्या बुडाशी ठेवायची. ठोकळ्याभोवती माती फुगून वर येताना दिसली की बळ जमिनीत चाललं आहे.

ठोकळ्याखाली 60 × 30 सेंटिमीटरची जाड फळी घातली. तोच अर्धा टन आता 1800 चौरस सेंटिमीटरवर पसरला, चौरस सेंटिमीटरला 300 ग्रॅमपेक्षा कमी. टेकू जागेवर राहिला.

14 जानेवारी: वाकलेली पहार

टेकू पक्का झाला तरी डोणी हलेना. 33 किलो तर सोडाच, एका माणसाने पूर्ण वजन टाकलं तरी ती तशीच होती. मग दोघे जण पहारेच्या टोकाला लोंबकळले आणि पहार टेकूवर वाकली. बसली ती वाकूनच.

यात दोन गोष्टी होत्या. पहिली पहारेची. 32 मिलिमीटरच्या साध्या लोखंडी सळईवर टेकूपासून 140 सेंटिमीटर अंतरावर साधारण 55 ते 60 किलो टाकले की ती कायमची वाकायच्या बेताला येते. दोघांचे मिळून 120 किलो म्हणजे त्या हद्दीच्या दुप्पट. चौदापट बळ मिळतं म्हणून कितीही दाबावं असं नसतं, ते बळ पहारेच्या मधल्या जागेतूनच जातं. लांबीला पाइप जोडून दांडा वाढवण्याचा मोह टाळायचा, कारण दांडा वाढला की वाकवणारा जोरही तेवढाच वाढतो, पहारेची जाडी मात्र तीच राहते. जास्त बळ हवं असेल तर जाड पहार घ्यावी किंवा दोन पहारी शेजारी-शेजारी, प्रत्येकीचा टेकू वेगळा.

दुसरी गोष्ट मातीची. 120 किलोचे चौदा पट म्हणजे जवळजवळ 1700 किलो. दगडाचा भार 465 असताना एवढ्या जोरालाही तो हलला नाही, याचा अर्थ अडवत होती ती माती, वजन नव्हे. ओल्या चिकण मातीत सपाट बूड वर्षानुवर्षं बसलं की खाली हवेला वाट राहत नाही. बूड उचलू लागताच खाली पोकळी तयार होऊ पाहते, ती भरायला हवा किंवा पाणी पोचत नाही, आणि वरून हवेचा दाब दगडाला खाली धरून ठेवतो. पायातला बूट चिखलात अडकतो ती हीच गोष्ट.

उपाय जोराचा नाही, वाटेचा. उचलायच्या टोकाखालची माती 20 सेंटिमीटर आतपर्यंत खुरप्याने कोरली आणि बाजूंनी बोटभर रुंदीची चर काढली. चरीत पाणी सोडलं, म्हणजे खाली शिरायला काहीतरी मिळावं. मग नवी पहार लावून 50 किलोचा दाब देऊन तसाच धरला. हिसके नाहीत. हिसक्याने पकड सुटत नाही, तिला वेळ द्यावा लागतो. चार मिनिटांनी कोरलेल्या बाजूने पाणी आत ओढलं गेल्याचा सुर्र आवाज आला, चरीतली पातळी बोटभर उतरली, आणि पहार हाताखाली एकदम हलकी झाली. त्यानंतर दगड 35 किलोच्या दाबाने वर येत राहिला, जवळपास हिशोबाप्रमाणे.

आवाज आला की दाब लगेच कमी करायचा. पकड सुटल्यावर तोच 50 किलोचा दाब चौदापटीने 700 किलो होतो, भार 465 आहे, त्यामुळे टोक उसळतं आणि पहार टेकूवरून सटकते. पहार दोन पायांच्या मध्ये घेऊन कोणी उभं राहू नये, सटकलेली पहार उलटी उडते.

15 ते 17 जानेवारी: थराला थर

एका दाबात दगड 3 सेंटिमीटर वर येतो. त्याच्याखाली 2.5 सेंटिमीटरची फळी सरकवायची, पहार सोडायची, टेकूखालीही तेवढीच फळी वाढवायची आणि पुन्हा दाबायचं. टेकू उंच न करता पुढचा दाब दिला तर दगड पुरेसा वर येण्याआधीच दांडा जमिनीला लागतो, अंतर संपतं. दगड वर गेला की टेकूनेही वर गेलं पाहिजे.

दोन्ही टोकं आळीपाळीने. एका टोकाला चार फळ्या, म्हणजे 10 सेंटिमीटर, याच्या पुढे फरक जाऊ दिला नाही. त्याहून जास्त कलला तर दगड उतरत्या बाजूला घसरू लागतो आणि घसरणाऱ्या दगडाला पहार अडवू शकत नाही. उंची 10 सेंटिमीटरच्या वर गेली की सुट्या फळ्या काढून त्या जागी 10 × 10 चे ठोकळे घातले, खाली दोन उभे, वर दोन आडवे, असे. ठोकळ्यांच्या टोकाला पाचर ठोकली, म्हणजे वर भार आल्यावर फट राहत नाही.

फळी नेहमी काठीने आत ढकलायची. हात दगडाखाली जात नाही, बोटभरसुद्धा नाही, ठोकळे कितीही पक्के दिसले तरी.

तीन दिवसांत दोन्ही टोकं जमिनीच्या वर 10 सेंटिमीटरवर आली. त्यानंतर खाली फळ्यांचा मार्ग, फळ्यांवर 50 मिलिमीटरच्या लोखंडी पाइपचे चार तुकडे टाकून डोणी ओट्याच्या कडेला आणली. तिथून पुन्हा पहार आणि ठोकळे करत ओट्याच्या 45 सेंटिमीटर उंचीपर्यंत चढवली, मग फळ्या-पाइपवरून ओट्यावर सरकवली. पाइपवरून सरकवताना पहार उलट्या पद्धतीने वापरली. टोक जमिनीवर रोवलं, दगड टोकाजवळ, आणि दांडा वर उचलला. टेकू टोकाला, भार मध्ये, हात शेवटी. हातगाडी उचलतो त्याच प्रकारची ही तरफ. दर उचलीला डोणी दोन-अडीच सेंटिमीटर पुढे.

आता डोणी ओट्यावर आहे, पण खाली फळ्या आणि पाइप अडकले आहेत. पहारेने हे सुटत नाही. एक टोक उचलून फळी काढली तर दुसरं टोक फळीवरच दाबलेलं असतं, आणि शेवटची फळी काढताना दगड एका कडेवर आपटतो. अख्खी डोणी सपाट उचलून, खालचं सामान काढून, सावकाश टेकवायची असेल तर ती वरून धरावी लागते.

19 जानेवारी: कप्पीची निवड

तिपाईसाठी 80 मिलिमीटरचे तीन लोखंडी पाइप आणले, प्रत्येकी 4 मीटर. पाय दीड मीटर त्रिज्येच्या वर्तुळात ठेवले तर माथा 3.7 मीटरवर येतो आणि दोन पायांमधलं अंतर 2.6 मीटर राहतं, म्हणजे डोणी मध्ये बसते.

साताऱ्याजवळ लिंबला बारा मोटांची विहीर आहे, 1719 ते 1724 या काळात बांधलेली. तिच्यावरच्या मोटेची कप्पी पाहिली तर ती जागेवरच फिरते, म्हणजे स्थिर कप्पी. स्थिर कप्पीने बळ कमी होत नाही. 100 किलोची मोट वर यायला बैलांना 100 किलोपेक्षा थोडं जास्तच ओढावं लागतं. फायदा दिशेचा असतो. पाणी वर यायचं, बैल मात्र उतारावर खाली चालतात, आणि त्यांचं स्वतःचं वजन ओढीला मदत करतं. धाव उतरती ठेवण्याचं कारण तेच. बळ कमी करायचं तर कप्पी भाराबरोबर हलली पाहिजे.

भाराला लागलेली कप्पी दोराच्या दोन पदरांवर लोंबते. प्रत्येक पदर निम्मा भार घेतो, आणि त्यातला एकच पदर माणसाच्या हातात येतो. चार पदर केले तर चौथा हिस्सा, सहा केले तर सहावा. पदर मोजायचे ते खालच्या कप्पीला धरून ठेवणारे, हातात येणारा शेवटचा पदर वरच्या कप्पीवरून उतरत असेल तर तो मोजायचा नाही. ही चूक नेहमी होते आणि मग माणसं कमी पडतात.

डोणीवर प्रयोग करायचा नाही. 200 लिटरचं पिंप पाण्याने भरलं, पिंपासह 218 किलो. ओढीच्या दोराला कांद्याच्या पोत्यांचा 300 किलोपर्यंतचा टांगता काटा लावला आणि सावकाश ओढताना आकडे घेतले.

एक स्थिर कप्पी: हिशोबाने 218, काट्यावर 241.
दोन पदर: हिशोबाने 109, काट्यावर 127.
चार पदर: हिशोबाने 55, काट्यावर 71.
सहा पदर: हिशोबाने 36, काट्यावर 52.

दर चाकामागे ओढ साधारण दहा टक्क्यांनी वाढते आहे. दोर वळताना आणि सरळ होताना बळ खातो, चाकाचा बुश बळ खातो. म्हणून चार पदरांचा खरा फायदा चारपट नाही, तीनपट आहे, आणि सहा पदरांचा सहापट नाही, चारपटीच्या थोडा वर. चाकं वाढवत नेली तर मिळणारा फायदा दरवेळी आधीपेक्षा कमी भरतो आणि दोर मात्र तेवढाच लांब लागतो. सहाच्या पुढे जाण्यात अर्थ नव्हता.

नुसतं धरून ठेवताना आणि खाली सोडताना काटा वेगळंच सांगतो. चार पदरांवर पिंप सावकाश उतरताना 44, सहा पदरांवर 27. वर जाताना घर्षण माणसाच्या विरुद्ध असतं, उतरताना ते माणसाच्या बाजूने भार धरतं. ग्रीस लावण्याचं काम याच बेताने केलं. बुश कोरडे होते तेव्हा सहा पदरांचा आकडा 61 होता, ग्रीसनंतर 52. एवढंच पुरे. दोराला आणि चाकाच्या खाचेला ग्रीस अजिबात लावायचं नाही.

20 जानेवारी: दोन बिघाड

सहा पदर ओवताना दोर एका कडेच्या चाकापासून सुरू करून क्रमाने दुसऱ्या कडेच्या चाकापर्यंत घेतला होता. ओढल्यावर वरची तीनचाकी कप्पी एका बाजूला कलली. हाताकडे येणारा पदर सगळ्यात जास्त ताणलेला असतो, तो कडेच्या चाकावर असला की कप्पीला तिरपं करतो. मग दोर चाकाच्या खाचेऐवजी कप्पीच्या गालाला घासतो. खूण सोपी आहे: किर्र आवाज येतो, दोरावर काळी भुकटी दिसते आणि काटा विनाकारण चढतो. आपल्याकडे 52 चे 66 झाले होते. दोर सोडून पुन्हा ओवला, हाताकडचा पदर वरच्या कप्पीच्या मधल्या चाकावरून घेतला, खालची कप्पी वरच्या कप्पीशी काटकोनात फिरवून. कप्पी सरळ लोंबू लागली.

दुसरा बिघाड तिपाईचा. माणसांना उभ्याने खाली ओढण्यापेक्षा आडवं ओढणं सोपं, म्हणून दोर तिपाईच्या एका पायाशी बांधलेल्या सुट्या कप्पीतून वळवून बाहेर काढला होता. पिंप चार पदरांवर असताना तो पाय ओढणाऱ्यांच्या दिशेने 8 सेंटिमीटर सरकला. भार फक्त 218 किलोचा होता, म्हणून ओढ लगेच थांबवता आली.

का सरकला याचा हिशोब मांडला. पिंप, कप्प्या आणि ओढीचा पदर मिळून माथ्यावर 300 किलो, म्हणजे प्रत्येक पाय जमिनीला शंभर किलोने दाबतो आणि तिरपा असल्यामुळे 40 किलोने बाहेर सरकू पाहतो. पण त्या एका पायाला बांधलेली कप्पी त्याला 69 किलोने वर उचलत होती, आणि आडव्या दोराच्या 76 किलोने बाहेर ओढत होती. म्हणजे जमिनीवरचा दाब उरला 31 किलो आणि बाहेरची ओढ झाली 116 किलो. पाय हलका करून त्यालाच ओढल्यासारखं. सरकणारच.

हा टेकूचाच प्रश्न पुन्हा, फक्त आता तो वर आणि बाजूला आहे. पहारेखालच्या ठोकळ्यावर भार आणि बळ दोन्ही येत होते, तसेच तिपाईच्या माथ्यावर भार, कप्प्या आणि हातातल्या पदराची ओढ सगळं एकत्र येतं. डोणीसाठी तो आकडा 930 किलोचा नाही, 1170 च्या आसपास आहे. वरचं शॅकल आणि साखळी या आकड्यावर निवडली, 930 वर नाही.

पायाची कप्पी पायापासून सोडवली. त्या पायाच्या अगदी जवळ जमिनीत मीटरभर खोल खुंटा ठोकला, ओढीच्या उलट्या बाजूला थोडा तिरपा, आणि कप्पी खुंट्याला बांधली. तिन्ही पाय तळाशी साखळीने एकमेकांना जखडले, म्हणजे बाहेर सरकायला जागा नाही. प्रत्येक पायाखाली फळी. पिंपाने पुन्हा उचलून पाहिलं, पाय जागेवर.

22 जानेवारी: उचल

दोर 18 मिलिमीटरचा, 30 मीटर, नवा. नवा दोर चार टनांच्या आसपास तुटतो, त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या पुढे, म्हणजे 400 किलोच्या पुढे जायचं नाही असं ठरवलं. ओढीचा अंदाज 216 किलो, खुंट्याच्या कप्पीनंतर 237. हद्दीत आहे. चाकाचा व्यास 150 मिलिमीटर, दोराच्या आठपट. याहून लहान चाकावर दोर आतून तुटत जातो आणि बाहेरून कळत नाही.

डोणीला दोन टनी हिरवे पट्टे दोन, टोकापासून प्रत्येकी 30 सेंटिमीटर आत. दगडाच्या धारेवर पट्टा कापला जातो, म्हणून प्रत्येक कोपऱ्यावर गोणपाटाची चार घडींची गादी. हूक डोणीच्या वर 80 सेंटिमीटर ठेवला. हूक फार खाली असेल तर पट्टे पसरट होतात आणि प्रत्येकावर निम्म्याहून खूप जास्त ताण येतो. या उंचीला प्रत्येक पट्ट्यावर 535 किलोच्या आसपास येतात, म्हणजे दोन टनांच्या बरेच खाली.

ओढायला सहा जण, काट्याकडे एक, आणि डोणीकडे पाहून हुकूम देणारा एकच. त्याच्याशिवाय कोणी बोलायचं नाही. दोराचा शेवट दुसऱ्या खुंट्याला दोन वेढे देऊन एकाने धरला, ओढणाऱ्यांनी जेवढा दोर आणला तेवढाच तो आवळत गेला. तिपाईच्या वर्तुळात कोणी नाही.

पहिल्या ओढीत काटा 150, 190, 220. दोर ताणला, पट्टे गोणपाटात बसले, तिपाईच्या पायांखालच्या फळ्या किंचित करकरल्या. डोणी हलली नाही. तिथेच थांबून पायांकडे, खुंट्याकडे आणि वरच्या शॅकलकडे एकदा पाहून घेतलं. सगळा भार साधनांवर आला आहे आणि दगड अजून जमिनीवर आहे, तपासायला याहून चांगली वेळ नसते. पुन्हा ओढ. काटा 231 वर थांबला आणि एका टोकाखाली उजेडाची फट दिसली. दुसरं टोक मात्र दोन सेंटिमीटर खालीच. पट्टे दगडाच्या मध्यापासून सारख्या अंतरावर होते, पण डोणीचं एक टोक मुळातच जाड घडवलेलं आहे, त्यामुळे वजनाचा मध्य तिकडे सरकलेला. खाली ठेवून दोन्ही पट्टे जाड टोकाकडे चार सेंटिमीटर सरकवले. दुसऱ्या वेळी डोणी सपाट वर आली.

दहा सेंटिमीटर उचलायला साठ सेंटिमीटर दोर आला, सहा पदर, प्रत्येकातून दहा. सहा जणांवर प्रत्येकी 38-39 किलो पडले, दम न लागता. दोर खुंट्याला तिसरा वेढा देऊन बांधला. खालचे पाइप आणि फळ्या लांब आकड्याने बाजूला ओढल्या. ओट्यावरचा वाळूचा थर आकड्यानेच सारखा केला. डोणीखाली हात गेला नाही.

उतरवायला एकच माणूस पुरला. घर्षणामुळे धरायची ओढ आधीच 100 किलोवर आली होती, आणि खुंट्याच्या दोन वेढ्यांनी ती हातात चार-पाच किलोंइतकी उरली. दोर वेढ्यावरून बोटभर-बोटभर सोडला. गार दगड वाळूत टेकला तेव्हा काटा 100 वरून 60, 20 असा उतरत शून्यावर आला.

23 जानेवारी

डोणीत पाणी भरून पातळी पाहिली, 120 सेंटिमीटरच्या लांबीत चार मिलिमीटरचा उतार, मोरीच्या बाजूला. तसाच हवा होता. दोर धुऊन सावलीत वाळवला, हाताकडच्या शेवटच्या आठ मीटरमध्ये दोन जागी पीळ सैल झालेला दिसला, तिथे लाल फडकं बांधलं. तेवढा भाग कापून पुढच्या कामाला 22 मीटर धरायचा. सहा पदरांना, दोन मीटर अंतराला 12 मीटर, उतरत्या पदराला 4, आडव्या ओढीला 6 उरतात. म्हणजे पुढच्या वेळी ओढणाऱ्यांना तिपाईच्या थोडं जवळ उभं राहावं लागेल, किंवा मधे दोर बांधून पुन्हा पकड घ्यावी लागेल. वाकलेली पहार लोहाराकडे दिली नाही, बाजूला काढली. एकदा वाकून सरळ केलेली सळई पुढच्या वेळी आधीच्या जागीच वाकते.